बँकेचे व्याज आणि आपला हिशेब : काही पैशांचा फरक कोठून येतो?

तिमाही संपली की बचत खात्याच्या पासबुकात व्याजाची नोंद होते. घरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणाऱ्या खातेदाराच्या वहीत २२४ रुपये ६६ पैसे असतात आणि पासबुकात मात्र २२५ रुपये. दुसऱ्या एखाद्या तिमाहीत नेमके उलट घडते. वहीत २३१ रुपये ४० पैसे आणि पासबुकात २३१. कर्जदाराचेही तसेच. एक्सेलमध्ये काढलेला मासिक हप्ता ८,८८४ रुपये ८८ पैसे येतो, बँकेचे पत्र ८,८८५ सांगते आणि शेवटचा हप्ता त्याहूनही निराळा निघतो. रक्कम क्षुल्लक असली तरी प्रश्न क्षुल्लक नाही. हा फरक निव्वळ पूर्णांकनाचा आहे की त्यामागे हिशेबाची खरी चूक दडली आहे, हे खातेदाराला ओळखता आले पाहिजे. कारण पैशांचा फरक सोडून देण्याची सवय लागली की रुपयांचा फरकही नजरेतून सुटतो.

पूर्ण रुपयाचा नियम

व्याजाचा दर टक्केवारीत, वर्षाचे दिवस ३६५ आणि शिल्लक रुपये-पैशांत. या तिन्हींचा गुणाकार-भागाकार केला की उत्तर क्वचितच पूर्ण रुपयात येते. बहुधा दशांश चिन्हापुढे अंकांची रांगच लागते. पैशाहून लहान नाणे अस्तित्वात नाही, त्यामुळे ही रांग कोठेतरी तोडावीच लागते. ती कोठे तोडायची याविषयी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. ग्राहकसेवेविषयीच्या २०१५ च्या एकत्रित परिपत्रकातही ती नोंदलेली आहे. ठेवींवर दिले जाणारे आणि कर्जावर आकारले जाणारे व्याज धरून सर्व व्यवहार नजीकच्या पूर्ण रुपयात करावेत. ५० पैसे वा त्याहून अधिक अपूर्णांक असल्यास पुढचा रुपया धरावा आणि ५० पैशांहून कमी असल्यास तो सोडून द्यावा, असे ही सूचना सांगते. मात्र ग्राहकाने दिलेला धनादेश त्यात पैसे लिहिले आहेत एवढ्या कारणावरून नाकारू नये, असेही त्याच सूचनेत म्हटले आहे.

या नियमाची दोन्ही अंगे लक्षात घ्यावीत. तो कधी खातेदाराच्या बाजूने झुकतो, तर कधी बँकेच्या. २२४.६६ चे २२५ होतात तेव्हा खातेदाराला ३४ पैसे अधिक मिळतात; २३१.४० चे २३१ होतात तेव्हा ४० पैसे कमी. दीर्घ काळात दोन्ही बाजू साधारणपणे एकमेकींची भरपाई करतात. शिवाय सोडलेले पैसे बँकेच्या एखाद्या वेगळ्या पेटीत जमा होतात असेही नाही. खातेदाराच्या नावे जी पूर्ण रक्कम जमा होते तीच बँकेच्या व्याजखर्चात नावे पडते. त्यामुळे दोन्हीकडचा ताळा जुळतो.

सर्वच संस्थांच्या प्रणाली सारख्या वागत नाहीत, हेही खरे. काही कर्जखात्यांच्या उताऱ्यात दरमहाचे व्याज पैशांसह दिसते आणि फक्त हप्त्याची रक्कम पूर्ण रुपयात असते. म्हणून आपल्या उताऱ्यात पैसे दिसतात की नाही, हे हिशेबाला बसण्यापूर्वी पाहून घ्यावे. बँकेने पूर्णांकन कोणत्या पायरीवर केले याचा पहिला पुरावा तोच असतो.

बचत खात्याची एक तिमाही

बचत खात्यावरील व्याज १ एप्रिल २०१० पासून दररोजच्या शिल्लकीवर मोजले जाते. त्यापूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतची किमान शिल्लक धरली जात असे. आजही काही ज्येष्ठ खातेदार त्या जुन्या सवयीने हिशेब करतात. त्यांचा फरक पैशांत राहत नाही, तो बऱ्याच रुपयांचा निघतो. त्याचे कारण पूर्णांकन नसून पद्धतच वेगळी, हे आहे.

नव्या पद्धतीत प्रत्येक दिवस संपताना खात्यात जेवढी रक्कम असेल तेवढ्यावर त्या दिवसाचे व्याज मिळते. समजा, एका खात्यात एप्रिल ते जून या तिमाहीत १ ते २० एप्रिल असे २० दिवस १८,२४० रुपये ५० पैसे होते. २१ एप्रिलला २५,००० रुपये जमा झाले आणि ३० एप्रिलपर्यंत १० दिवस शिल्लक ४३,२४० रुपये ५० पैसे राहिली. १ मे रोजी ११,५०० रुपये काढले आणि उरलेले ६१ दिवस ३१,७४० रुपये ५० पैसे खात्यात होते. दिवसांची बेरीज ९१ आणि व्याजदर, उदाहरणापुरता, वार्षिक ३ टक्के.

प्रत्येक शिल्लक तिच्या दिवसांनी गुणायची आणि गुणाकारांची बेरीज करायची. ते तीन गुणाकार अनुक्रमे ३,६४,८१०, ४,३२,४०५ आणि १९,३६,१७०.५० असे येतात, बेरीज २७,३३,३८५.५०. तिला ३ ने गुणून ३६,५०० ने भागले की २२४.६६ येतात. हिशेबाच्या शेवटी एकदाच पूर्णांकन केले, तर जमा होणारी रक्कम २२५ रुपये.

आता तोच हिशेब दुसऱ्या मार्गाने. पहिल्या टप्प्यात एका दिवसाचे व्याज १.४९९२ रुपये येते. ते १ रुपया ५० पैसे धरले तर २० दिवसांचे ३० रुपये. दुसऱ्या टप्प्यात रोजचे ३.५५४० रुपये, म्हणजे ३ रुपये ५५ पैसे. १० दिवसांचे ३५ रुपये ५० पैसे. तिसऱ्या टप्प्यात रोजचे २.६०८८ रुपये, म्हणजे २ रुपये ६१ पैसे. ६१ दिवसांचे १५९ रुपये २१ पैसे. एकूण २२४ रुपये ७१ पैसे. शिल्लक तीच, दर तोच, दिवस तेच. तरी दोन उत्तरांत ५ पैशांचा फरक पडला. पहिल्या हिशेबात पूर्णांकन एकदाच, अखेरीस झाले. दुसऱ्यात ते दररोज झाले आणि रोजचा अत्यल्प फरक ९१ वेळा साचत गेला. पैशांच्या तफावतीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे.

या उदाहरणात अखेरची रक्कम दोन्ही मार्गांनी २२५ रुपयेच होते. पण उत्तर २२४.४८ आणि २२४.५३ असे आले असते, तर तोच ५ पैशांचा फरक पूर्णांकनानंतर एका रुपयाचा झाला असता. त्यामुळे एका रुपयाची तफावत दिसली तरी लगेच चुकीचा निष्कर्ष काढू नये. आधी पूर्णांकनापूर्वीचे उत्तर ५० पैशांच्या आसपास आहे का, हे पाहावे.

दुसरे कारण वर्षाच्या दिवसांचे. वरील बेरजेला ३६,५०० ऐवजी ३६,६०० ने भागले, म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचे धरले, तर उत्तर २२४ रुपये ५ पैसे येते. फरक ६१ पैशांचा. आणि जमा होणारी रक्कम २२५ ऐवजी २२४. मुदत ठेवींच्या बाबतीत काही बँका लीप वर्षात ३६६ दिवस धरत आल्या आहेत, तर काही सर्वच वर्षांना ३६५. ठेव स्वीकारताना आपली पद्धत ठेवीदाराला सांगावी आणि शाखेत ती माहिती लावावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. २०२४ हे लीप वर्ष होते आणि पुढचे २०२८ आहे. अशा वर्षी हिशेब जुळला नाही, तर प्रथम भाजकच तपासावा.

हप्त्याचा हिशेब आणि शेवटचा हप्ता

कर्जाच्या हप्त्यात पूर्णांकन दोन ठिकाणी होते. पहिले हप्ता ठरवताना आणि दुसरे दरमहाचे व्याज आकारताना. दोन्ही एकत्र पाहिल्याखेरीज शेवटच्या हप्त्याचे कोडे सुटत नाही.

समजा, १,००,००० रुपयांचे कर्ज वार्षिक १२ टक्के दराने १२ महिन्यांसाठी घेतले. व्याज दरमहा १ टक्का, घटत्या शिल्लकीवर. एक्सेलमध्ये हप्ता काढण्याचे सूत्र असे :

```
=PMT(12%/12,12,-100000)
```

उत्तर ८,८८४.८८ दिसते. पण हे पडद्यावरचे उत्तर आहे. यंत्राच्या पोटातला आकडा ८,८८४.८७८८६७... असा पुढे चालतो. याची खात्री सहज करता येते. कागदावर ८,८८४.८८ ला १२ ने गुणले तर १,०६,६१८ रुपये ५६ पैसे येतात. एक्सेलला त्याच चौकटीचा १२ शी गुणाकार करायला सांगितला तर १,०६,६१८ रुपये ५५ पैसे दिसतात. चौकटीला दोन दशांश स्थळांचे स्वरूप दिले म्हणजे आकडा तेथे तुटत नाही, फक्त तेवढाच दाखवला जातो. बँकेची प्रणाली मात्र आकडा प्रत्यक्ष तोडते आणि तोडलेला आकडाच पुढच्या महिन्यात नेते. घरचा तक्ता आणि बँकेचे वेळापत्रक येथेच फाटा घेतात.

बँकेने हप्ता ८,८८५ रुपये ठरवला आणि दरमहाचे व्याज पूर्ण रुपयात आकारले असे धरू. पहिल्या महिन्याचे व्याज १,००० रुपये. हप्ता वजा जाता मुद्दल उरते ९२,११५. दुसऱ्या महिन्याचे व्याज ९२१.१५ येते, ते ९२१ धरले जाते, बाकी ८४,१५१. तिसऱ्या महिन्याचे ८४१.५१, ते ८४२ होते, बाकी ७६,१०८. असे करत अकराव्या हप्त्यानंतर ८,७९६ रुपये उरतात. त्यावरचे व्याज ८७.९६, म्हणजे ८८. शेवटचा हप्ता ८,७९६ अधिक ८८, अर्थात ८,८८४ रुपये. वर्षभरात भरलेली एकूण रक्कम १,०६,६१९ आणि त्यातील व्याज ६,६१९ रुपये.

हेच वेळापत्रक दरमहाचे व्याज पैशांपर्यंत ठेवून मांडले, तर शेवटचा हप्ता ८,८८३ रुपये ४६ पैसे निघतो. दोन वेळापत्रकांत अखेरीस ५४ पैशांचे अंतर उरते. मधल्या महिन्यांत हे अंतर कमी-जास्त होत राहते. दुसऱ्या हप्त्यानंतर बँकेची बाकी १५ पैशांनी कमी असते, तिसऱ्यानंतर ३४ पैशांनी जास्त, नवव्यानंतर ८४ पैशांनी जास्त आणि अकराव्यानंतर ५० पैशांनी. ते एकाच दिशेने वाढत जात नाही, हे पूर्णांकनाचे लक्षण होय. हिशेबात व्याजदर किंवा तारीख चुकली असती, तर अंतर महिन्यागणिक एकाच बाजूला सरकत गेले असते.

घरच्या तक्त्यात बँकेचीच वाट चोखाळायची असेल, तर व्याजाच्या स्तंभात पूर्णांकनाचे सूत्र घालावे लागते. मागील बाकी B2 या चौकटीत असेल तर :

```
=ROUND(B2*12%/12,0)
```

उताऱ्यात व्याज पैशांसह दिसत असेल, तर शेवटच्या 0 च्या जागी 2 लिहावे. एवढा बदल केल्यावर बहुतेक वेळापत्रके रुपयाला रुपया जुळतात.

शेवटचा हप्ता हाच सारे अपूर्णांक पोटात घेतो, याचा व्यवहारात एक परिणाम आहे. वरील कर्जाचा हप्ता वरच्या रुपयात न घेता ८,८८४ ठेवला असता, तर दरमहा ८८ पैसे कमी पडले असते. व्याजासह ती तूट वर्षअखेरीस सुमारे ११ रुपये १५ पैसे होते आणि शेवटचा हप्ता ८,८९५ रुपयांच्या घरात जातो. बारा सारखे हप्ते भरून कर्ज फिटले असे मानणाऱ्या कर्जदाराच्या नावे मग ११ रुपये थकीत राहतात. रक्कम नगण्य असली तरी बाकी शून्य होत नाही, आणि बाकी शून्य झाल्याखेरीज खाते बंद होत नाही. म्हणून अखेरचा हप्ता गेल्यावर बाकी शून्य असल्याचा उतारा आणि कर्ज फिटल्याचे पत्र घेतल्याशिवाय विषय संपला असे समजू नये.

पैशांचा फरक आणि रुपयांचा फरक

पूर्णांकनामुळे पडणाऱ्या फरकाला मर्यादा असते. ही मर्यादा हीच खातेदाराची फूटपट्टी. व्याज एकदाच पूर्ण रुपयात केले असेल, तर त्या नोंदीत फरक ५० पैशांहून अधिक असू शकत नाही. बारा महिन्यांच्या कर्जात बारा वेळा पूर्णांकन झाले, तर सर्व अपूर्णांक एकाच बाजूला पडले असे धरूनही फरक ६ रुपयांच्या थोडा वर जाईल. प्रत्यक्षात तो वरच्या उदाहरणाप्रमाणे एका रुपयाच्या आत राहतो. याहून मोठी तफावत दिसली, तर तिचे कारण दुसरीकडे शोधावे.

पहिला शोध तारखांचा. वरच्या बचत खात्यात २५,००० रुपये २१ ऐवजी २२ एप्रिलला जमा झालेले धरले, तर एका दिवसाचे २ रुपये ५ पैसे कमी होतात. धनादेश भरल्याचा दिवस आणि तो वटून रक्कम खात्यात आल्याचा दिवस निराळे असतात, त्यामुळे अशी तफावत अनेकदा खातेदाराच्याच वहीत असते. तपासण्याची रीत सोपी आहे. आलेल्या फरकाला तिमाहीतील मोठ्या व्यवहाराच्या एका दिवसाच्या व्याजाने भागावे. उत्तर १ किंवा २ अशा पूर्ण अंकाच्या जवळ आले, तर प्रश्न दिवसांचा आहे. पैसे काढले त्या दिवसाचे व्याज काढलेल्या रकमेवर मिळत नाही आणि जमा केले त्या दिवसाचे मिळते, कारण हिशेब दिवसअखेरच्या शिल्लकीचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा शोध महिन्याच्या लांबीचा. काही कर्जांवर व्याज वर्षाच्या बाराव्या हिश्शाने आकारले जाते, तर काहींवर प्रत्यक्ष दिवसांनी. १,००,००० रुपयांवर १२ टक्के दराने महिन्याचे व्याज पहिल्या पद्धतीत नेहमी १,००० रुपये. दुसऱ्या पद्धतीत ३१ दिवसांच्या महिन्यात १,०१९ रुपये १८ पैसे, ३० दिवसांच्या महिन्यात ९८६ रुपये ३० पैसे आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ९२० रुपये ५५ पैसे. फरक असा महिन्याच्या लांबीबरोबर हलत असेल, तर चूक कोणाचीच नाही. करारात कोणती पद्धत लिहिली आहे तेवढे पाहावे.

तिसरा शोध मात्र गंभीर आहे. कर्जाची रक्कम प्रत्यक्ष हाती येण्यापूर्वीपासून, म्हणजे मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणे. महिन्याच्या मध्यात कर्ज दिले वा फेडले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घेणे. एखादा हप्ता आगाऊ कापून घेऊनही व्याज पूर्ण कर्जावर मोजणे, असे प्रकार तपासणीत आढळल्याचे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नमूद केले आणि ते ग्राहकाशी न्याय्य व्यवहाराच्या तत्त्वात बसत नाहीत असे बजावले. १,००,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के दराने असेल आणि १० दिवस आधीपासून व्याज लावले, तर ३२८ रुपये ७७ पैसे जास्त जातात. पूर्णांकनाच्या नावाखाली असा फरक कोणी समजावून सांगू लागला, तर तो मान्य करण्याचे कारण नाही.

चौथे लक्षण दिशेचे. पूर्णांकन योग्य असेल तर ते कधी वर, कधी खाली जाते. मागील आठ-दहा तिमाहींच्या नोंदी काढून प्रत्येकीशेजारी आपले पूर्णांकनापूर्वीचे उत्तर लिहावे. ५० पैशांहून अधिक अपूर्णांक असतानाही प्रत्येक वेळी खालचाच रुपया जमा झालेला दिसला, तर प्रणाली पूर्णांकन करीत नसून पैसे नुसतेच छाटत आहे, असा अर्थ होतो. एका खात्यात ही रक्कम वर्षाला दोन रुपयांचीही नसेल, पण नियमाचा भंग तो भंगच. आणि लाखो खात्यांच्या हिशेबात दोन रुपये लहान राहत नाहीत.

तक्रार करताना “हिशेब जुळत नाही” एवढेच लिहिले तर उत्तरही तेवढेच मोघम येते. व्याजाचा दर, दिवसांची संख्या, दिवसअखेरच्या शिल्लकी आणि वर्षाचे दिवस ३६५ धरले की ३६६, या चार गोष्टी लिहून शाखेकडे लेखी स्पष्टीकरण मागावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नेता येते. त्याआधी आपल्या तक्त्यात पूर्णांकनाचे सूत्र एकदा घालून पाहावे. फरक ३४ पैशांचा होता की ३२८ रुपयांचा, हे तेवढ्यानेच कळून येते.